इंटर्नशिपचा अर्ज नेमका कुठे अडतो?

डिसेंबर उजाडला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंटर्नशिपच्या लिंका पडायला लागतात. कुणी कंपनीच्या पोर्टलची लिंक टाकतं, कुणी एखाद्या विद्यापीठाच्या उन्हाळी प्रकल्पाची. मुलं रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइलवर फॉर्म उघडतात आणि वीस मिनिटांत भरून मोकळी होतात. मार्चमध्ये निवडयादी लागते. ज्यांचं नाव त्यात नसतं, ती धरून चालतात की आपला सीव्ही कमी पडला. अनेकदा तो सीव्ही कुणी उघडलेलाच नसतो.

हे असं होतं, कारण अर्ज तीन वेळा वाचला जातो आणि तिन्ही वाचनांची तऱ्हा वेगळी असते. पहिलं वाचन पोर्टलच्या चाळणीचं. किमान टक्केवारी, पदवी पूर्ण होण्याचं वर्ष, शिल्लक विषय अशा दोन-चार अटी कंपनीने आधीच घालून ठेवलेल्या असतात आणि त्यात न बसणारे अर्ज बाजूला पडतात. दुसरं वाचन माणसाचं. समोर शेकड्यांनी अर्ज असल्याने तो प्रत्येकावर फार वेळ घालवत नाही. तिसरं वाचन निवड झाल्यावर होतं. मूळ कागदपत्रं मागवून अर्जातला प्रत्येक आकडा त्यांच्याशी ताडून पाहतात. पहिल्या वाचनात उपयोगी पडलेली थाप तिसऱ्या वाचनात उघडी पडते. आणि पहिल्या वाचनात नकळत झालेली चूक तर दुसऱ्या वाचनापर्यंत जाऊच देत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक विद्यार्थिनी कल्पू. तिला सायली प्रकाश जाधव म्हणू. सांगली जिल्ह्यातली. दहावीनंतर तिने पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि मग पुण्याकडच्या एका कॉलेजात ई अँड टीसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, 2027 मध्ये पदवी पूर्ण होईल. तिसऱ्या सेमिस्टरला गणितात केटी लागली होती, ती पुढच्याच परीक्षेत सुटली. एका मोठ्या कंपनीची जून-जुलैची आठ आठवड्यांची इंटर्नशिप तिला हवी आहे. कंपनीच्या अटी नेहमीच्याच: सगळीकडे किमान 60 टक्के, सध्या एकही विषय शिल्लक नसावा, 2027 ची बॅच.

सायली तिन्ही अटींत बसते. तरीही तिचा अर्ज बाहेर पडू शकतो.

सुरुवात नावापासून. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. आधार कार्डावर बहुधा सायली प्रकाश जाधव असा सरळ क्रम असतो. बँकेच्या पासबुकावर कुणीतरी घाईत SAYLI P JADHAV करून ठेवलेलं असतं आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर SAYALI असतं. पोर्टलवर पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी येतात. गुणपत्रिका समोर धरून डावीकडून उजवीकडे उतरवत गेलेली मुलं पहिल्या चौकटीत JADHAV लिहितात आणि मग कंपनीची सगळी पत्रं ‘डिअर जाधव’ म्हणून येतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पेलिंगमधल्या एका A ने, कारण शेवटच्या पडताळणीत आधार, गुणपत्रिका आणि अर्ज शेजारी ठेवले जातात. इथे नियम सोपा आहे: चौकटींचा क्रम पोर्टलचा, स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेचं. पोर्टलने स्पष्टपणे आधारप्रमाणे नाव मागितलं असेल तर मात्र आधारवर आहे तसंच लिहावं. दोन्हींत फरक असेल तर तो आताच दुरुस्त करायला घ्यावा, कारण ऑफर आल्यावर त्यासाठी चार दिवसही हातात नसतात.

जाता जाता एक. अर्ज करतानाच आधार क्रमांक, बँक खातं आणि वर ‘नोंदणी शुल्क’ मागणारा फॉर्म दिसला तर तो बंद करावा. बँक खातं लागतं ते निवड झाल्यावर, स्टायपेंड जमा करायला. निवडीआधी ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्यावं, त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात.

साडेनऊने गुणायचं की दहाने?

सर्वांत जास्त घोळ गुणांच्या चौकटीत होतो, म्हणून इथे जरा थांबू.

सायलीचा सीजीपीए 7.82 आहे. पोर्टल मात्र टक्केवारी मागतं. ती मैत्रिणींना विचारते. एक म्हणते, दहाने गुण, म्हणजे 78.2 टक्के. दुसरी म्हणते, छे, साडेनऊने गुणतात, म्हणजे 74.29. तिसरीने कुठेतरी वाचलेलं असतं की आधी 0.75 वजा करायचे आणि मग दहाने गुणायचं, म्हणजे 70.7. मुलगी एकच, गुणपत्रिकाही एकच, आणि टक्केवाऱ्या तीन.

यातलं साडेनऊचं सूत्र आलं आहे सीबीएसईकडून. त्या बोर्डात दहावीला ग्रेड पद्धत होती तेव्हा गुणांचा अंदाज बांधण्यासाठी ते दिलं गेलं. त्याचा इंजिनिअरिंगच्या पदवीशी काही संबंध नाही, तरी ते देशभर पसरलं. 0.75 वजा करण्याच्या सूत्रामागे एआयसीटीईचं कोष्टक आहे. त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के, 7.75 म्हणजे 70 टक्के असं समीकरण दिलेलं आहे. पण शेवटचा शब्द आपल्या स्वतःच्या विद्यापीठाचा. बऱ्याच विद्यापीठांनी आपापली सूत्रं ठरवली आहेत. एकाच विद्यापीठात वेगवेगळ्या अभ्यासक्रमांना आणि पॅटर्नला वेगळं सूत्र असू शकतं. ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, नाहीतर परीक्षा विभागाच्या परिपत्रकात सापडतं. तिथेही नाही मिळालं तर कॉलेजच्या परीक्षा विभागातून किंवा टीपीओ सरांकडून लेखी घ्यावं. पोर्टलने स्वतःचं सूत्र दिलं असेल तर त्या अर्जापुरतं तेच वापरावं.

सायलीच्या बाबतीत तिन्ही आकडे 60 च्या वर आहेत, तेव्हा कुठलाही लिहिला तरी ती चाळणीतून पार होईल. मग एवढा खल कशाला? तिच्या वर्गातल्या एका मुलाचा विचार करा. त्याचा सीजीपीए 6.5 आहे. दहाने गुणलं तर 65, साडेनऊने गुणलं तर 61.75, आणि एआयसीटीईच्या कोष्टकाने 57.5. त्याच्या विद्यापीठाने कोष्टकाचंच सूत्र घेतलं असेल तर तो 60 च्या अटीत बसत नाही. दहाने गुणून तो चाळणी पार करेल, परीक्षा देईल, मुलाखतही देईल. मग पडताळणीत त्याच्या विद्यापीठाचं सूत्र लावलं की सगळं तिथेच संपेल. तोवर त्याने त्याच काळातल्या दुसऱ्या दोन संधी सोडलेल्या असतील. अशा प्रकारानंतर कंपनी कॉलेजलाही कळवते आणि पुढच्या वर्षी त्या कॉलेजच्या अर्जांकडे जरा संशयानेच पाहिलं जातं.

पोर्टलवर सीजीपीए आणि टक्केवारी असा पर्याय असेल तर डोळे झाकून सीजीपीए निवडावा. छापलेला आकडा आहे तसा लिहायचा, कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. परदेशी विद्यापीठांच्या काही फॉर्मांत चौकट चारपैकी गुण मागते. तिथे 7.82 ला अडीचने भागून 3.13 लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि 10 पैकी असं मोजमाप निवडता येतं का ते आधी शोधावं.

सीजीपीए स्वतः काढायची वेळ आली तर आणखी एक खड्डा आहे. सायलीच्या तिसऱ्या सेमिस्टरचा एसजीपीए 7.4 आणि चौथ्याचा 8.2. दोन्हींची बेरीज करून दोनने भागलं तर 7.80 येतं. पण तिसऱ्या सेमिस्टरला 20 क्रेडिट होते आणि चौथ्याला 22. म्हणून 7.4 ला 20 ने आणि 8.2 ला 22 ने गुणून, बेरजेला 42 ने भागायचं. उत्तर 7.82. फरक क्षुल्लक दिसतो, पण गुणपत्रिकेवर 7.82 छापलेलं असताना अर्जात 7.80 का, हा प्रश्न पडताळणी करणाऱ्याला पडतोच. याहून मोठी चूक म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा एसजीपीए, इथे 8.2, एकूण सीजीपीएच्या चौकटीत टाकणं. मुलं हे बहुतेक वेळा फसवायला करत नाहीत. निकालाच्या पानावर सगळ्यात वर तोच आकडा असतो, म्हणून तोच उचलला जातो.

पाचव्या सेमिस्टरचा निकाल अर्जाच्या वेळी लागलेला नसणं हे आपल्याकडे नेहमीचंच. अशा वेळी अंदाजाने आकडा वाढवू नये. शेवटचा जाहीर निकाल जिथपर्यंतचा आहे तिथपर्यंतचा सीजीपीए लिहावा आणि शेऱ्याच्या जागी ‘चौथ्या सेमिस्टरपर्यंत, पाचव्याचा निकाल प्रतीक्षेत’ अशा अर्थाची ओळ इंग्रजीत टाकावी.

सायलीला यापुढची अडचण बारावीच्या चौकटीची येते, कारण ती बारावी झालेलीच नाही. डिप्लोमावाल्या मुलांचे अर्ज इथे फार अडतात. पोर्टल देशभरासाठी बनवलेलं असतं आणि बनवणाऱ्याच्या डोक्यात बारावी हीच वाट असते. चौकट रिकामी सोडता येत नाही, म्हणून मुलं शून्य टाकतात. चाळणी ते शून्य टक्के म्हणून वाचते आणि 60 ची अट तिथेच मोडते. आधी यादीत ‘डिप्लोमा’ हा पर्याय आहे का ते नीट खाली जाऊन पाहावं. नसेलच, तर टक्केवारीच्या जागी डिप्लोमाची टक्केवारी आणि बोर्डाच्या जागी Diploma, MSBTE असं लिहावं. म्हणजे वाचणाऱ्याला खुलासा तिथल्या तिथे मिळतो आणि खोटं काही लिहिलं जात नाही. पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरचा एसजीपीए सक्तीने मागणारी पोर्टलंही असतात. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांकडे तो नसतोच. तिथे मदतीच्या पत्त्यावर ईमेल करून उत्तर मागवणं आणि ते जपून ठेवणं, एवढाच सरळ मार्ग आहे.

बारावी केलेल्यांची चूक वेगळी. सीईटीच्या दिवसांपासून पीसीएमची बेरीज तोंडपाठ असते, म्हणून एकूण टक्केवारीच्या जागी तीच लिहिली जाते. आणि 59.8 ला 60 करणं ही तर चूकसुद्धा म्हणता येत नाही. चाळणीची अट 60 असेल तर 59.8 बाहेर जातं. हे कठोर वाटेल, पण खरं तेच आहे.

हो की नाही

लांबलचक प्रश्नांपेक्षा एका शब्दाच्या उत्तरांनी जास्त अर्ज पडतात. भरती करणाऱ्यांच्या बोलीत या प्रश्नांना ‘नॉकआउट’ म्हणतात. उत्तर चुकीच्या बाजूला गेलं की अर्ज आपोआप नाकारला जातो, कधीकधी त्याच मिनिटाला.

सायलीची केटी घ्या. फॉर्ममध्ये दोन सारखेच दिसणारे प्रश्न असतात. सध्या शिल्लक विषय किती? आणि आजवर कधी एखादा विषय राहिला होता का? पहिल्याचं तिचं उत्तर शून्य, दुसऱ्याचं एक. घाबरलेली मुलं दुसऱ्यालाही शून्य लिहितात, आणि मग सेमिस्टरनिहाय गुणपत्रिकांमध्ये एकाच विषयाचे दोन प्रयत्न दिसतात. अतिप्रामाणिक मुलं उलटं करतात. पहिल्या प्रश्नाला ‘एक’ लिहून सुटलेल्या केटीची शिक्षा स्वतःच भोगतात. विषयाची परीक्षा देऊन झाली आहे पण निकाल यायचा आहे, अशी स्थिती असेल तर तो विषय अजून शिल्लकच धरतात. पेपर कितीही चांगला गेलेला असो.

पदवीच्या वर्षाचाही घोळ होतो. सायलीने 2024 मध्ये प्रवेश घेतला, आणि पदवी चार वर्षांची. काही पोर्टलं प्रवेशाच्या वर्षावरून 2028 हे वर्ष स्वतःच भरून टाकतात. ते न बदलल्यास 2027 च्या बॅचची अट मोडते. काही जण ‘उत्तीर्ण वर्ष’ म्हटल्यावर शेवटची परीक्षा दिल्याचं वर्ष टाकतात. प्रश्नाचा रोख नेहमी एकाच गोष्टीकडे असतो: पदवीचा शेवटचा निकाल कधी अपेक्षित आहे.

बहुराष्ट्रीय कंपनीच्या पोर्टलवर आणखी दोन प्रश्न जोडीने येतात. या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे का? आणि आता किंवा पुढे व्हिसासाठी कंपनीचं प्रायोजकत्व लागेल का? कंपनी अमेरिकन आहे म्हणून मुलं मनातल्या मनात अमेरिकेत पोहोचतात आणि पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘हो’ म्हणतात. पण इंटर्नशिप पुण्याला किंवा बंगळूरला असेल तर प्रश्न भारताबद्दल असतो. भारतीय नागरिकाचं उत्तर पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’. कामाचं ठिकाण परदेशात असेल तर अर्थातच उत्तरं उलटतात आणि तिथे खोटं बोलून काही साधत नाही.

याच पोर्टलांवर तारखेचा एक सापळा असतो. सायली 7 जूनपासून मोकळी आहे, म्हणून ती 07/06 लिहिते. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो, तेव्हा ते 6 जुलै वाचलं जातं. आठ आठवड्यांची इंटर्नशिप जूनमध्ये सुरू होत असेल तर तिची उपलब्धता महिनाभर उशिराची दिसते. जन्मतारीख 14 किंवा 25 असेल तर पोर्टल लगेच हरकत घेतं, कारण चौदावा महिना नसतो. बारापर्यंतच्या तारखा मात्र निमूटपणे स्वीकारल्या जातात. चौकटीशेजारी MM/DD/YYYY असं फिकट अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचलं तरी पुरे. कॅलेंडरचं चिन्ह असेल तर तारीख तिथूनच निवडावी.

तारीख भरण्याआधी विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रकही पाहावं. तोंडी आणि प्रात्यक्षिकं धरून आपली परीक्षा कधीकधी जूनमध्ये सरकते. ‘ताबडतोब उपलब्ध’ असं लिहून मग मे महिन्यात रजा मागणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल कंपनीचं मत चांगलं होत नाही. शिवाय ज्यांना इंटर्नशिपचे क्रेडिट हवे आहेत त्यांनी तासांचा हिशेब करावा. नव्या अभ्यासक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं आहे. एका क्रेडिटला 30 तास धरले की 120 तास होतात. आठवड्याला 40 तासांनी ते तीन आठवड्यांत भरतात, पण आठवड्यातून दोन दिवसांच्या, 16 तासांच्या कामाला जवळपास आठ आठवडे लागतात. फॉर्ममध्ये पूर्णवेळ की अर्धवेळ ही निवड करताना हा हिशेब डोक्यात हवा. कॉलेजचं ना हरकत पत्रही त्याच कालावधीचं निघतं.

सीव्ही पोर्टल कसा वाचतं

सीव्ही चढवला की बरीच पोर्टलं त्यातली माहिती उचलून चौकटी आपोआप भरतात. वेळ वाचतो खरा, पण यंत्र ओळी सरळ डावीकडून उजवीकडे वाचत जातं. दोन स्तंभांचा, रंगीत पट्ट्यांचा, फोनच्या जागी छोटं चित्र लावलेला सीव्ही त्याला झेपत नाही. मग डावीकडचं कौशल्य उजवीकडच्या प्रकल्पाला चिकटतं, कॉलेजचं नाव कंपनीच्या जागी जातं आणि डिप्लोमाचं वर्ष पदवीला लागतं. पाहणारा माणूस बहुधा या चौकटीच पाहतो. त्यामुळे आपोआप भरलेलं प्रत्येक घर स्वतः वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नये.

सीव्ही यंत्राला वाचता येतो का, हे घरीच पाहता येतं. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जो क्रम आणि जी अक्षरं दिसतील, साधारण तेच पोर्टलला दिसतं. काहीच निवडलं गेलं नाही तर तो मजकूर नसून फोटो आहे. मोबाइलने स्कॅन केलेल्या सीव्हीचं हेच होतं. मराठीत लिहिलेला भाग जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर नोटपॅडमध्ये निव्वळ कचरा दिसेल.

गुणपत्रिकांचं उलट. त्या स्कॅनच असतात आणि तिथे अडचण आकाराची. पोर्टलची मर्यादा कुठे 2 एमबी, कुठे 200 केबी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेली एकेक पानं अनेक एमबीची होतात. फाइल दाबून लहान केल्यावर ती पुन्हा उघडून पाहावी. आसन क्रमांक आणि गुण वाचता येत नसतील तर दाबण्यात अर्थ नाही. कृष्णधवल स्कॅन केलं तर आकार आपोआपच उतरतो. सगळ्या सेमिस्टर एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने, आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव, एवढी शिस्त पुरते. Resume_final_new2 नावाच्या फायली भरती विभागाला रोज मिळतात.

आता लेखी उत्तर. ‘आमच्याकडे इंटर्नशिप का करायची आहे?’ या प्रश्नावर कंपनीच्या वेबसाइटवरची वाक्यं कंपनीलाच परत पाठवली जातात. दुसऱ्या कंपनीसाठी लिहिलेलं उत्तर पेस्ट करताना आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहणं हा प्रकारही सर्रास होतो, आणि त्या अर्जाचं पुढे काय होतं ते सांगायला नको. सायलीने डिप्लोमाला चौघांच्या गटात द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजणारं यंत्र केलं होतं. ‘मला आयओटीची आवड असून मी मेहनती आहे’ असं तिने लिहिलं तर ते वाचून काहीच कळत नाही. त्याऐवजी तिने असं लिहावं: ‘सेन्सर जोडणं मित्रांकडे होतं, वाचन दर दहा मिनिटांनी फोनवर पाठवण्याचा कोड माझा. पहिल्या आठवड्यात बॅटरी एका दिवसात संपत होती. दोन वाचनांच्या मध्ये बोर्ड झोपवून ठेवल्यावर ती टिकली. तुमच्या विभागात कमी विजेवर चालणाऱ्या उपकरणांवर काम होतं, ते मला शिकायचं आहे.’ यात कुठलंही मोठं यश नाही, पण तिने काय केलं, काय बिघडलं आणि तिला नेमकं काय हवं आहे, ते कळतं.

हे उत्तर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून मगच पेस्ट करावं, कारण लॉगिन तसंच पडून राहिलं तर बरीच पोर्टलं बाहेर काढतात आणि लिहिलेलं जातं. पेस्ट केल्यावर शेवटची ओळ आली आहे का ते पाहावं. हजार अक्षरांची मर्यादा असेल तर मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जातात आणि काही फॉर्म जास्तीचा मजकूर न सांगता कापतात. मराठीत उत्तर देण्याची मुभा असेल तर मर्यादा आणखी लवकर भरते. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते चार खुणांचं बनलेलं असतं.

विद्यापीठं आणि संशोधन संस्थांच्या अर्जात याशिवाय शिफारसपत्र लागतं. भारतातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळूरची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, मिळून जी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिच्यातही शिक्षकाची शिफारस हा अर्जाचा भाग आहे. अनेक पोर्टलांवर आपण शिक्षकांचा ईमेल पत्ता भरला की त्यांना एक लिंक जाते आणि पत्र त्यांनी तिथून चढवायचं असतं. लिंक स्पॅममध्ये पडते, सर परीक्षेच्या कामात असतात, आणि आपण मात्र सबमिट करून निश्चिंत. पत्र आलं नाही तर अर्ज अपुरा राहतो. शिक्षकांना आधी विचारावं, पत्ता त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा, मुदतीच्या किमान दहा दिवस आधी लिंक जाईल असं बघावं, आणि ती पोहोचली का हे त्याच दिवशी फोन करून विचारावं. शिक्षकांना आपला प्रकल्प आठवत असेलच असं नाही, म्हणून सोबत सीव्ही आणि चार ओळी पाठवाव्यात.

शेवटचं बटण. ‘सेव्ह’ केलं म्हणजे अर्ज गेला असं नसतं. सबमिट केल्यावर अर्ज क्रमांक येतो, ईमेलवर पोच येते, आणि लॉगिन केल्यावर स्थितीत ‘सबमिटेड’ दिसतं. या तिन्हींपैकी एकही दिसत नसेल तर अर्ज अजून आपल्याकडेच आहे. पोच आली नाही म्हणून दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडून पुन्हा अर्ज करू नये. एकाच व्यक्तीचे दोन अर्ज दिसले की काही कंपन्या दोन्ही बाजूला ठेवतात. परदेशी संस्थेच्या मुदतीत वेळेचा पट्टा पाहावा. युटीसीची रात्री 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:29. मुदतीच्या शेवटच्या तासाभरात सर्व्हर अडखळतो, हे तर निकालाच्या दिवशी आपण सगळे अनुभवतोच.

आणि सबमिट केल्यावर चूक लक्षात आली तर? मुदत उरली असेल तर बरीच पोर्टलं अर्ज मागे घेऊन पुन्हा भरू देतात. पण मागे घेतल्यावर नवा अर्ज चालतो का, हे नियमांत आधी वाचावं. नाहीतर मदतीच्या पत्त्यावर लहानसा ईमेल करावा: अर्ज क्रमांक, कुठली चौकट, काय लिहिलं गेलं, बरोबर काय, आणि सोबत पुराव्याचा कागद. ही दुरुस्ती आपण स्वतःहून, निवडीआधी कळवली तर ती चूक म्हणून धरली जाते. तीच पडताळणीत त्यांना सापडली तर खोटी माहिती म्हणून नोंदली जाते, आणि तिथे ऑफर रद्द करण्याचा अधिकार कंपनीने अर्जाच्या शेवटच्या, आपण न वाचता टिक केलेल्या घोषणेत आधीच राखून ठेवलेला असतो.